डिपेंडंट व्हिसावर जाणाऱ्या नर्सची तयारी चिपळुणातच सुरू होते

प्रश्न: "मी चिपळूणची. जीएनएम झालेय, खाजगी हॉस्पिटलमध्ये नऊ वर्षं स्टाफ नर्स आहे. मिस्टर लोट्याला केमिकल कंपनीत प्रोसेस इंजिनीअर आहेत. त्यांना इंग्लंडमध्ये टीसाइडला नोकरी मिळाली आहे, चार महिन्यांत हजर व्हायचंय. मुलगा चार वर्षांचा. मी डिपेंडंट व्हिसावर गेले तर तिथे नर्स म्हणून काम करता येईल का? सगळे म्हणतात आधी जा, मग बघू. सासूबाई म्हणतात, आता घर सांभाळ. काय करू?"

ताई, व्हिसाची काळजी सोडा. मिस्टरांचा व्हिसा स्किल्ड वर्करचा असणार, आणि त्याच्यावर गेलेल्या नवऱ्याला किंवा बायकोला तिथे काम करायला पहिल्या दिवसापासून परवानगी असते. तुम्हाला नोकरी द्यायला मालकाला स्पॉन्सरशिपही काढावी लागत नाही. म्हणून आधीच सांगते, रत्नागिरीत किंवा मुंबईत कुणी एजंट "डिपेंडंटला नर्सची नोकरी लावून देतो, अमुक लाख" म्हणाला तर चहा पाजा आणि घरी पाठवा. तो जे विकतोय ते व्हिसाबरोबर तुम्हाला फुकटच मिळतं.

अडतं दुसरीकडे. तिथे नर्स म्हणून काम करायचं तर नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलच्या, म्हणजे एनएमसीच्या, रजिस्टरवर नाव लागतं. नाव लागलं की एक नंबर मिळतो, त्याला सगळे 'पिन' म्हणतात. पिन नसेल तर तुमची नऊ वर्षं कुणी मोजत नाही. आणि पिनसाठी लागणारे निम्म्याहून जास्त कागद महाराष्ट्रातून निघतात. त्यामुळे "आधी जा, मग बघू" हा सल्ला नर्सच्या बाबतीत उलटा आहे. तिथे पोचल्यावर ज्या गोष्टीला पाच महिने लागतात, ती इथे बसून पाच आठवड्यांत होते.

हे मी अनुभवाने बोलतेय. २०१३ साली मी अशीच नवऱ्यामागे गेले, एका बॅगेत मसाले आणि कोकम, दुसरीत साड्या. सर्टिफिकेटं दापोलीला कपाटात. तेव्हा नियम वेगळे होते, परदेशी नर्सला ओव्हरसीज नर्सेस प्रोग्राम करावा लागायचा आणि त्याची जागा मिळणं अवघड. मी एका नर्सिंग होममध्ये रात्रपाळीला केअर असिस्टंट म्हणून लागले. २०१४ च्या अखेरीस परीक्षेची नवी पद्धत आली. मग माझी गाडी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेवर अडली. तेव्हा चारही भागांत ७ लागायचे आणि मला लिखाणात दोनदा ६.५ आले. २०१८ च्या अखेरीस लिखाणाची अट ६.५ वर आली, पण तोवर माझे जुने निकाल दोन वर्षांची मुदत संपून बाद झाले होते. पिन मिळाला २०१९ ला. सहा वर्षं. त्यातली दोन-अडीच नियमांमुळे गेली असं मी धरते, बाकीची कागद आणि माहिती नसल्यामुळे. आता परत येऊन दापोलीत मुलींची तयारी करून घेते, म्हणून थोडं अधिकाराने लिहिते आहे.

जीएनएम चालतं का, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. चालतं. बीएस्सी नर्सिंगच हवं असं नाही. फक्त एएनएम झालेल्यांना या रस्त्याने जाता येत नाही. तुमचं महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मात्र चालू हवं. नूतनीकरण राहून गेलं असेल तर सगळ्यात आधी ते.

आता नावाचं बघू. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ जणींचं घोडं इथेच पेंड खातं. जीएनएमच्या सर्टिफिकेटवर तुमचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर बहुधा तेच. पासपोर्ट लग्नानंतर काढला असेल तर त्यावर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. आपल्याला यात काही वेगळं वाटत नाही. पण तिथे बसलेल्या माणसाला या दोन वेगळ्या बायका दिसतात, कारण त्याच्या जगात लग्नाने फार तर आडनाव बदलतं, मधलं नाव बदलत नाही. त्यात दहावीच्या सर्टिफिकेटवर 'Deepali' आणि कौन्सिलच्या कागदावर 'Dipali' असली गंमत असते. मराठीत दोन्ही एकच, इंग्रजीत दोन माणसं.

यावर उपाय आहे, पण तो इथे राहूनच सोपा. विवाह नोंदणीचा दाखला नगरपालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून घ्या, त्यावरचं इंग्रजी स्पेलिंग अक्षर-अक्षर तपासा. स्पेलिंगमध्येच फरक असेल किंवा पहिलं नावही बदललं असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या, हे ऑनलाइन होतं. मग त्या आधारावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव बदलून घ्या. आणि यापुढे जे काही उघडाल, आयईएलटीएसची नोंदणी, एनएमसीचं ऑनलाइन खातं, परीक्षेचं बुकिंग, ते सगळं पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच. एक स्पेस इकडची तिकडे नको.

दुसरा कागद म्हणजे कौन्सिलकडून होणारी पडताळणी. एनएमसीला तुमच्या रजिस्ट्रेशनची खात्री महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलने थेट कळवावी लागते. तुम्ही स्कॅन करून पाठवलेला कागद ते धरत नाहीत. म्हणजे मुंबईच्या कार्यालयात अर्ज, फी, मग पाठपुरावा. टीसाइडहून फोन लावून हा पाठपुरावा होत नाही, मी केलाय. उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक, त्यांची जेवणाची सुट्टी आणि तुमची सकाळ एकाच वेळी. चिपळूणहून मात्र रात्रीच्या गाडीने निघून सकाळी खिडकीपाशी उभं राहता येतं. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळतं, पण ते फार आधी काढू नका, जुनं झालं की परत मागतात. निघायच्या तोंडावर काढा.

तिसरी गोष्ट सीबीटी, म्हणजे संगणकावरची परीक्षा. ही भारतात देता येते, मुंबईत केंद्र आहे. दोन भाग असतात. पहिला औषधांच्या हिशेबाचा, १५ प्रश्न आणि अर्धा तास. दुसरा नर्सिंगचा, १०० प्रश्न आणि अडीच तास. हिशेब आपल्या मुलींना जड जात नाहीत, ड्रिपचे थेंब आपण झोपेतही मोजतो. दुसऱ्या भागात मात्र त्यांची विचार करण्याची पद्धत कळावी लागते. रुग्ण उपचार नाकारतोय, त्याची मुलगी म्हणते द्या, तुम्ही काय कराल? आपल्याकडे मुलीचं ऐकतात. तिथे रुग्णाला समजून निर्णय घेण्याची क्षमता असेल तर त्याचा नकार शेवटचा. असे प्रश्न पाठ करून सुटत नाहीत, एनएमसीची आचारसंहिता वाचून सुटतात. ती फुकट मिळते, तीस-चाळीस वेळा वाचा.

सीबीटीचा निकाल दोन वर्षं चालतो, आयईएलटीएसचाही दोन वर्षं. म्हणून उगाच फार आधी देऊन ठेवू नका. तुमच्यासारखीला, जिला चार-सहा महिन्यांत जायचंय, ही वेळ बरोबर आहे.

इंग्रजीबद्दल थोडक्यात. आयईएलटीएस अ‍ॅकॅडेमिकमध्ये ऐकणं, वाचणं, बोलणं यांत ७ आणि लिखाणात ६.५ लागतात. एका फटक्यात आले नाहीत तर बारा महिन्यांतल्या दोन प्रयत्नांचे गुण जोडता येतात, फक्त कुठल्याही प्रयत्नात लिखाण ६ च्या आणि बाकीचे भाग ६.५ च्या खाली नकोत. ओईटी नावाची वैद्यकीय इंग्रजीची परीक्षाही चालते. महाग आहे, पण तिच्यात पर्यावरणावर निबंध नसतो, रुग्णाचं रेफरल पत्र असतं. लिखाणात अडणाऱ्यांना मी तीच सुचवते. आणखी एक दार आहे जे फार कमी जणींना ठाऊक असतं. तिथल्या आरोग्य किंवा केअर क्षेत्रात गेल्या दोन वर्षांत किमान बारा महिने काम केलं असेल, तर तुमचं इंग्रजी पुरेसं आहे असं तिथल्या रजिस्टरवरच्या वरिष्ठ नर्सने लिहून दिलेलं काही अटींवर चालतं. शिक्षण इंग्रजीत झालेल्यांना किंवा परीक्षेत अर्ध्या गुणाने हुकलेल्यांना हे दार उपयोगी पडतं. पण असे नियम हलत राहतात. अर्ज कराल त्या दिवशी एनएमसीच्या पानावर काय लिहिलंय तेच खरं, माझं लिहिणंही नाही.

मग बरोबर जायचं की मागाहून? हे खरोखर तुमच्या घरावर अवलंबून आहे. डिपेंडंट मागाहून येऊ शकतो, तुमचा व्हिसा मिस्टरांच्या व्हिसाबरोबर एकाच दिवशी संपतो इतकंच. माझं मत विचाराल तर तुम्ही तीन-चार महिने मागे राहा. मिस्टर पुढे जाऊन घर बघतील, तुम्ही कौन्सिलची पडताळणी, सीबीटी आणि आयईएलटीएसचा एक प्रयत्न उरकून जाल. पगारही चालू राहील. पण मुलाचं वयही बघा. तिथे मूल चार वर्षांचं झालं की येत्या सप्टेंबरपासून शाळेच्या पहिल्या वर्गात, रिसेप्शनमध्ये, जातं आणि सरकारी शाळा तुमच्यासारख्यांनाही फुकट असते. मुलगा सप्टेंबरपर्यंत पोचला तर दिवसाचे सहा तास मोकळे होतात. त्याच्या आधी पोचलात तर तीन-चार वर्षांच्या सगळ्याच मुलांना आठवड्याला १५ तास पाळणाघर फुकट मिळतं. नोकरी करणाऱ्या आईबापांसाठी ३० तासांची सोय आहे असं ऐकाल, पण तुमच्या व्हिसावर सरकारी मदत घेता येत नाही अशी अट असते, त्यामुळे ती आपल्याला लागू नाही. या १५ आणि ३० च्या घोळात एका जोडप्याचं अख्खं बजेट कोसळलेलं मी पाहिलंय.

एकीची गोष्ट तारखांसकट सांगते, म्हणजे अंदाज येईल. मुलगी गुहागर तालुक्यातली, नोकरी चिपळूणला. २२ जुलै २०२१ च्या पुरात तिची बाजारपेठेतली भाड्याची खोली पाण्याखाली गेली आणि सगळी सर्टिफिकेटं चिखलात. कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर फक्त एक कोपरा वाचता येत होता. जानेवारी २०२३ मध्ये नवऱ्याला लीड्सला आयटीतली नोकरी लागली. तो मार्चमध्ये गेला, ही थांबली. पोलिसांत कागद हरवल्याची नोंद, प्रतिज्ञापत्र, मग कॉलेज आणि कौन्सिलकडून दुसऱ्या प्रती, असं करत मे उजाडला. याच काळात राजपत्र आणि नावबदल. मे महिन्यात पहिली आयईएलटीएस: ऐकणं ७.५, वाचन ७, बोलणं ६.५, लिखाण ६. रडली. जूनमध्ये सीबीटी, पास. जुलैमध्ये दुसरी आयईएलटीएस: ऐकणं ७, वाचन ६.५, बोलणं ७, लिखाण ६.५. दोन्ही निकाल वेगवेगळे नापास, जोडले तर पास. ऑगस्टमध्ये विमानात बसली तेव्हा तिच्याकडे परीक्षेचा एकच टप्पा उरला होता.

तिथे गेल्यावर हेल्थकेअर असिस्टंटची जागा मिळायला नोव्हेंबर उजाडला. मुलाखत सप्टेंबरमध्येच झाली होती, पण गुन्हेगारी नोंदींची तपासणी, चिपळूणच्या हॉस्पिटलचं रेफरन्स, लसीकरणाचा पुरावा यात सहा आठवडे गेले. तिथे रेफरन्स हॉस्पिटलच्या अधिकृत ईमेलवरून लागतो आणि तिच्या मेट्रनकडे होता फक्त जीमेल. हेही तुम्ही निघायच्या आधी विचारून ठेवा. एप्रिल २०२४ मध्ये शेवटची, प्रात्यक्षिकाची परीक्षा, ऑस्की. तिच्या दोन स्टेशनांत, म्हणजे टप्प्यांत, नापास. मेमध्ये तेवढीच परत दिली, पास. जूनअखेर पिन. जानेवारीपासून मोजलं तर पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत दीड वर्ष. यापेक्षा लवकर कुणी करेल, पण तुमच्या हिशेबात दीड वर्ष धरा.

आता असिस्टंटच्या नोकरीबद्दल जरा सविस्तर, कारण तिथेच बहुतेक जणी एकतर खचतात किंवा अडकून पडतात.

नोकरी शक्यतो एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, हॉस्पिटलमध्येच धरा, एजन्सीमार्फत नर्सिंग होममध्ये नको. मी धरली होती. पगार साधारण सारखाच असतो, पण नर्सिंग होममध्ये तुम्हाला पुढे ढकलणारं कुणी नसतं. मोठ्या हॉस्पिटलांत परदेशी नर्सना ऑस्कीची तयारी करून घेणारा विभाग असतो, आणि बरीच हॉस्पिटलं आपल्याकडच्या असिस्टंटपैकी जी परदेशात नर्स होती तिलाही त्यात घेतात. सगळी नाही घेत. म्हणून मुलाखतीतच विचारायचं: माझी सीबीटी झाली आहे, तुमच्याकडे असिस्टंटला ऑस्कीसाठी मदत आहे का, फी कोण भरतं? तुमच्या भागात मिडल्सब्रोला जेम्स कूक हॉस्पिटल आहे, स्टॉकटनला नॉर्थ टीस, पलीकडे डार्लिंग्टन. घर भाड्याने घेताना मिस्टरांनी फक्त प्लांटचं अंतर बघू नये, या तिघांपैकी एकाकडे सकाळी सव्वासातला पोचणारी बस आहे का तेही बघावं, रविवारचीसुद्धा. आणि कार शिकून जा. भारतीय लायसन्सवर तिथे पहिलं एक वर्ष गाडी चालवता येते. परशुराम घाटात पावसात गाडी चालवणाऱ्या बाईला तिथले रस्ते म्हणजे अंगण.

अर्ज jobs.nhs.uk वर करायचे. तिथे बायोडाटापेक्षा 'सपोर्टिंग इन्फर्मेशन' नावाचा मोठा चौकोन महत्त्वाचा. जाहिरातीसोबत त्या जागेसाठी काय काय हवं याची यादी असते. निवडणारी नर्स ती यादी समोर ठेवून तुमचं लिखाण वाचते आणि एकेका मुद्द्याला गुण देते. "मी मेहनती व प्रामाणिक आहे" याला शून्य. "आमच्या ३० खाटांच्या वॉर्डात रात्री आम्ही दोघी असायचो, गोंधळलेल्या वृद्ध रुग्णाला पडण्यापासून जपण्यासाठी मी अमुक केलं" याला गुण. यादीतला प्रत्येक मुद्दा, त्याच क्रमाने, एकेक प्रसंग. सध्या जागा दोन-तीन वर्षांपूर्वीसारख्या भरपूर नाहीत, त्यामुळे पंधरा-वीस अर्ज करावे लागले तर बिचकू नका. कायम जागा मिळत नसेल तर 'बँक'वर नाव घाला, म्हणजे लागेल तेव्हा बोलावतात. मूल लहान असताना शनिवार-रविवारच्या पाळ्यांसाठी ते सोयीचंही पडतं.

काम काय? अंघोळ घालणं, बेडपॅन, भरवणं, कूस बदलणं, बीपी-तापमान नोंदवणं. नऊ वर्षं स्वतः वॉर्ड चालवलेल्या बाईला पहिल्या आठवड्यात हे लागतं. पण खरी अडचण कमीपणा वाटण्याची नाही, हात शिवशिवण्याची आहे. माझा प्रसंग सांगते. एका रुग्णाच्या सलाइनचा पंप ओरडत होता, नर्स दुसऱ्या टोकाला. कॅन्युला जाम झाला होता हे मला दिसत होतं. आपल्याकडे दिवसातून वीस वेळा करतो तसं मी सिरिंज घेतली आणि फ्लश केलं. पंप गप्प झाला. अर्ध्या तासाने मला ऑफिसात बोलावलं. माझं चुकलं काय ते मला दहा मिनिटं समजेना, कारण रुग्ण तर बरा होता. चूक ही की त्या वॉर्डात माझ्याकडे ते करण्याची परवानगी नव्हती, आणि काही झालं असतं तर जबाबदारी कुणाची याचं उत्तर नव्हतं. लेखी ताकीद मिळाली. त्यानंतर पंप ओरडला की मी हात पाठीमागे बांधून जायची आणि नर्सला हाक मारायची. तुम्हीही तेच करा. पिनच्या अर्जात चारित्र्याची घोषणा असते, असली नोंद तिथे नडू शकते.

ऑस्कीबद्दल. १० स्टेशनं. चार एकमेकांत गुंफलेली असतात, त्यात एकाच रुग्णाची तपासणी, काळजीचा आराखडा, औषध देणं आणि पुढच्या नर्सला रुग्णाची माहिती सोपवणं. चार कौशल्यांची. दोन नुसती लेखी. टीसाइडला जवळचं केंद्र न्यूकॅसलच्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठातलं. आपल्या मुली हाताच्या कौशल्यात क्वचित पडतात. पडतात त्या न बोलल्यामुळे. आपल्या वॉर्डात साठ रुग्ण असतात, आपण आजीचा हात धरतो, "आजी, जरा टोचेल हां" म्हणतो आणि टोचून मोकळ्या. तिथे त्याच आजीला आपलं नाव सांगायचं, तिचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख तिच्याच तोंडून घ्यायची, मनगटावरच्या पट्टीशी ताडायची, अ‍ॅलर्जी विचारायची, काय करणार ते सांगायचं, चालेल का विचारायचं, आणि मग हात लावायचा. औषधाच्या स्टेशनात अ‍ॅलर्जी विचारायची राहिली तर बाकी सगळं बरोबर असूनही नापास. माझी ती गुहागरची मुलगी तिथेच गेली. तक्त्यावर पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी लिहिलेली, तिने पाहिली, मनात नोंदली, औषध दिलंही नाही, पण तोंडाने विचारलं नाही. परीक्षकाला मन वाचता येत नाही. यावर मी घरी एक खेळ लावते: नवऱ्याला खाटेवर झोपवायचं आणि चहा देण्याआधी त्याचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि अ‍ॅलर्जी विचारायची. पंधरा दिवसांत सवय होते. नवरे कंटाळतात, पण उपयोग होतो.

एका अर्जावर ऑस्कीचे तीन प्रयत्न असतात. तीनही गेले तर सहा महिने थांबून नव्याने अर्ज.

पैशांचं. माझ्या माहितीप्रमाणे एनएमसीच्या पात्रता तपासणीचे १४० पौंड, सीबीटी ८३, ऑस्की ७९४, नोंदणी १५३, मिळून ११७० पौंड. काही स्टेशनंच परत द्यायची असतील तर ऑस्कीचे ३९७. शिवाय आयईएलटीएस, मुंबईच्या फेऱ्या. समोर ठेवायला दुसरे आकडे: २०२५-२६ च्या इंग्लंडमधल्या वेतनश्रेणीत असिस्टंटचा बँड ३ वर्षाला २४,९३७ पौंडांवर सुरू होतो, नर्सचा बँड ५ ३१,०४९ वर. फरक वर्षाला सहा हजारांच्या वर. म्हणजे पिन मिळाल्यावर अडीच-तीन महिन्यांत फी वसूल. मिस्टरांच्या कंपनीने स्थलांतराची रक्कम दिली असेल तर त्यातले बाराशे पौंड तिकिटं आणि सोफ्याच्या आधी तुमच्या नावाने बाजूला काढा. हे दोघांनी बसून आत्ताच ठरवा, कारण तिथे पहिल्या तीन महिन्यांत पैसा पाण्यासारखा जातो आणि "तुझी परीक्षा पुढच्या वर्षी बघू" हे वाक्य अगदी प्रेमाने बोललं जातं.

पाळ्यांचंही तसंच. नर्सची पाळी तिथे बारा तासांची, आठवड्यात तीन-चार दिवस. मिस्टर प्लांटवर फिरत्या पाळीत असतील तर दोन फिरती वेळापत्रकं आणि एक चार वर्षांचं मूल हे गणित सुटत नाही. त्यांनी आत्ता, ऑफर ताजी असताना, एचआरला विचारावं की जनरल शिफ्ट आहे का, किंवा पाळ्यांचा तक्ता किती आठवडे आधी मिळतो. रुजू झाल्यावर हे मागणं अवघड जातं. तक्ता सहा आठवडे आधी मिळत असेल तर तुमची वॉर्ड मॅनेजर त्याप्रमाणे पाळ्या लावून देऊ शकते. आदल्या आठवड्यात मिळत असेल तर तुम्ही बँकवरच राहा.

सासूबाईंना काय सांगायचं ते मी सांगू नये, पण एक गोष्ट त्यांना माहीत नसेल. तुमचा व्हिसा मिस्टरांच्या नोकरीला बांधलेला आहे. ती नोकरी गेली तर सगळ्यांनाच साधारण ६० दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधावा लागतो किंवा परतावं लागतं. केमिकल प्लांट बंद होतात, लोट्यालाही आपण पाहिलंय. पण तुमच्याकडे पिन आणि बँड ५ ची नोकरी असेल, तर हॉस्पिटल तयार असल्यास तुम्ही स्वतःच्या नावावर हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसा घेऊ शकता, आणि मिस्टर तुमचे डिपेंडंट होऊ शकतात. त्या व्हिसावर कुटुंबातल्या कुणालाच आरोग्य अधिभार भरावा लागत नाही, जो आता मोठ्या माणसामागे वर्षाला १०३५ पौंड आहे. माझ्या ओळखीच्या दोन घरांत हे असंच उलटलं. त्यातल्या एका घरातल्या सासूबाई आता शेजारी सांगतात की आमच्या सुनेच्या व्हिसावर मुलगा राहतो.

आता आज रात्री जेवणं उरकली की जीएनएमचं सर्टिफिकेट, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, पासपोर्ट आणि विवाहाचा दाखला चारही एकाशेजारी एक मांडा आणि इंग्रजीतलं नाव मोठ्याने वाचा. कुठे काय वेगळं आहे ते इथे लिहा, पासपोर्ट नंबर वगैरे न देता. त्यावरून कौन्सिलला आधी जायचं की राजपत्राला ते सांगते.